६२५ पिकोसेकंदांची मुदत

प्रोसेसर मंद चालवला की बॅटरी जास्त टिकते, असे आपण सगळेच धरून चालतो. त्यातले निम्मेच खरे आहे. प्रोसेसरचे क्लॉक, म्हणजे त्याच्या प्रत्येक हालचालीला ताल देणारी ठोक्यांची मालिका, नुसते मंद केले आणि बाकी काहीच बदलले नाही, तर दर सेकंदाचा वीजखर्च उतरतो. पण तेच काम उरकायला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागतो. काम संपेपर्यंत बॅटरीतून गेलेली ऊर्जा जवळपास होती तेवढीच भरते. खरी बचत होते ती व्होल्टेज उतरवल्यावर. मग साहजिकच विचारावेसे वाटते, की फक्त व्होल्टेजच उतरवावे, क्लॉकला कशाला हात लावायचा? वेगही राहील आणि बॅटरीही वाचेल.

तसे करता येत नाही. व्होल्टेज खाली आणले की क्लॉकही खाली आणावेच लागते. आपल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये ही जोडी दिवसभर एकत्र वरखाली होत असते. या तंत्राचे नाव डायनॅमिक व्होल्टेज अँड फ्रिक्वेन्सी स्केलिंग. या क्षेत्रातले लोक त्याला थोडक्यात डीव्हीएफएस म्हणतात. नावात व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी शेजारी आहेत, पण त्यांच्यातले बंधन सिलिकॉनमधून कसे येते ते एका खऱ्या प्रोसेसरवरच पाहिले पाहिजे. त्यासाठी जरा जुना प्रोसेसर बरा, कारण त्याचे आकडे सुटसुटीत आहेत आणि कंपनीने ते छापून ठेवले आहेत.

मार्च २००३ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी पेंटियम एम बाजारात आणला. त्याच्या १.६ गिगाहर्ट्‌झच्या मॉडेलसाठी क्लॉक आणि व्होल्टेज यांच्या सहा जोड्या ठरवलेल्या होत्या. सर्वांत वरची जोडी १.६ गिगाहर्ट्‌झ आणि १.४८४ व्होल्ट. मधली एक १ गिगाहर्ट्‌झ आणि १.१६४ व्होल्ट. सर्वांत खालची ६०० मेगाहर्ट्‌झ आणि ०.९५६ व्होल्ट. काम कमी असले की प्रोसेसर या पायऱ्यांवरून खाली यायचा, काम वाढले की वर चढायचा. उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था किती मोठी ठेवायची यासाठी इंटेलने वरच्या पायरीला २४.५ वॅट धरले होते आणि खालच्या पायरीला ६ वॅट.

हे आकडे कुठून येतात ते पाहू. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्यामधल्या प्रत्येक तारेला, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तोंडाला थोडीशी धारकता असते, म्हणजे विद्युतभार साठवण्याची जागा असते. शून्याचा एक व्हायचा तर ती जागा भरावी लागते आणि एकाचा शून्य व्हायचा तर रिकामी करावी लागते. या भरण्या-उपसण्यात जाणारी वीज एका छोट्या सूत्रात बसते:

P = C × V² × f

इथे C म्हणजे दर ठोक्याला सरासरी भरली जाणारी धारकता, V म्हणजे व्होल्टेज आणि f म्हणजे क्लॉकची फ्रिक्वेन्सी. फ्रिक्वेन्सी एकदाच गुणली जाते, व्होल्टेज मात्र दोनदा. सगळी गंमत त्या वर्गात आहे. व्होल्टेज १.४८४ वरून ०.९५६ वर आले म्हणजे साधारण ६४ टक्क्यांवर आले; त्याचा वर्ग केला की ४१ टक्के उरतात. फ्रिक्वेन्सी ३७.५ टक्क्यांवर आली. दोन्ही गुणून २४.५ वॅटचे सुमारे ३.८ वॅट होतात. इंटेलचा आकडा ६ आहे. हा फरक बराचसा गळतीचा: ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह पाझरत राहतो आणि क्लॉक मंद केल्याने तो थांबत नाही. या गळतीचे नाव लक्षात ठेवावे, पुढे तीच सगळ्या प्रकरणाची खालची हद्द ठरवणार आहे.

आता वॅट सोडून ऊर्जेचा हिशेब करू, कारण बॅटरीला वॅटशी नाही, ज्यूलशी देणेघेणे असते. समजा एखाद्या कामाला १६० कोटी ठोके लागतात. वरच्या पायरीवर ते १ सेकंदात होते आणि २४.५ ज्यूल लागतात. खालच्या पायरीवर त्यालाच २.६७ सेकंद लागतात, पण ६ वॅटने, म्हणजे १६ ज्यूल. तिसरा हिस्सा वाचला. आणि नुसते क्लॉक ६०० मेगाहर्ट्‌झवर आणून व्होल्टेज १.४८४ च ठेवले असते तर? सूत्राप्रमाणे वीज ९.२ वॅटवर आली असती आणि २.६७ सेकंदांत पुन्हा तेच २४.५ ज्यूल गेले असते. यंत्र मंद झाले, हाती काहीच लागले नाही. क्लॉक मंद करण्याने बचत होत नाही, पण बचत करू देणारे व्होल्टेज मंद क्लॉकशिवाय परवडत नाही. ते का, हे समजायला ट्रान्झिस्टरच्या आत जावे लागते.

एक गेट, म्हणजे तर्काचा सर्वांत लहान घटक, आपले उत्तर पुढच्या गेटला देतो म्हणजे त्याच्या तोंडची धारकता भरतो. नळाखाली हंडा लावला आहे असे समजा. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब. दाब कमी झाला की धार बारीक होते आणि हंडा भरायला वेळ लागतो, इतके कोणालाही सुचेल. पण इथे एक अडचण आहे, आणि ती चांगली अडचण आहे. व्होल्टेज कमी केले की हंडाही लहान होतो, कारण त्याला आता कमीच उंचीपर्यंत भरायचे असते. धार बारीक आणि हंडाही लहान. मग वेळ तितकाच लागायला हवा, नाही का?

धार आणि हंडा एकाच प्रमाणात कमी झाले असते तर तसेच झाले असते आणि हा लेख लिहायची गरजच पडली नसती. पण ट्रान्झिस्टरला एक उंबरठा असतो, थ्रेशोल्ड व्होल्टेज. तेवढे व्होल्टेज त्याच्या गेटवर येईपर्यंत तो नीट चालूच होत नाही. प्रवाह ठरतो तो पूर्ण व्होल्टेजवर नाही, तर उंबरठ्याच्या वर जे उरते त्यावर. आणि उंबरठा कारखान्यात ठरतो. आपण पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवले म्हणून तो आपल्याबरोबर खाली येत नाही.

आकड्यांत पाहू. उंबरठा ०.३५ व्होल्ट आहे असे धरू. हा आकडा समजुतीसाठी माझा आहे, पण वास्तवापासून फार लांब नाही. १.४८४ व्होल्टला उंबरठ्यावर १.१३४ व्होल्ट उरतात. १.१६४ व्होल्टला उरतात ०.८१४. म्हणजे पुरवठा २२ टक्क्यांनी घटला तेव्हा उरलेला हिस्सा २८ टक्क्यांनी घटला. शिवाय जुन्या, लांब ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह या उरलेल्या हिश्श्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ट्रान्झिस्टर आखूड होत गेले तशी ती घातांकाची संख्या दोनावरून एकाच्या दिशेने सरकत गेली. साकुराई आणि न्यूटन यांनी १९९० मध्ये मांडलेले सूत्र यासाठीच वापरतात. आपण सावध राहून वर्गच धरू. मग प्रवाह ४८ टक्क्यांनी घटतो आणि भरायचा भार फक्त २२ टक्क्यांनी. हंडा थोडा लहान झाला, धार निम्मी झाली. भागाकार केला की प्रत्येक गेटला आता सुमारे १.५२ पट वेळ लागतो.

०.९५६ व्होल्टला हाच हिशेब २.२६ पटीवर जातो. ०.५ व्होल्टपर्यंत उतरलो तर १९ पट. उतरण सरळ नाही; उंबरठा जवळ येईल तसा तिथला कडा तुटत जातो. वरच्या बाजूला व्होल्टेजमधली घट स्वस्तात मिळते, खाली तीच घट फार महाग पडते.

गेट मंद झाले, हे ठीक. पण त्याने क्लॉकला का अडावे? गेटला कोणी घाई केली आहे का? केली आहे, आणि तिथेच टायमिंग नावाची गोष्ट येते.

प्रोसेसरच्या आत रजिस्टर असतात, एकेक बिट धरून ठेवणाऱ्या जागा. क्लॉकचा ठोका पडला की प्रत्येक रजिस्टर त्या क्षणी आपल्या दारात जे काही उभे असेल ते आत घेते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच बाहेर दाखवत राहते. दोन रजिस्टरांच्या मध्ये गेटांची साखळी असते. एका ठोक्याला पहिल्या रजिस्टरमधून आकडा निघतो, गेटांमधून जातो, त्याचे उत्तर होते आणि पुढच्या ठोक्याला ते उत्तर दुसऱ्या रजिस्टरने उचलायचे असते. रजिस्टरला गेट काम करताना दिसत नाहीत. उत्तर तयार झाले का, हे ते विचारत नाही. ठोका पडला की जे असेल ते घेते.

१.६ गिगाहर्ट्‌झला दोन ठोक्यांत ६२५ पिकोसेकंद असतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्या ६२५ मध्ये तीन गोष्टी बसाव्या लागतात. ठोका पडल्यावर पहिल्या रजिस्टरचे नवे मूल्य बाहेर दिसायला लागणारा वेळ, समजा ६०. मधल्या गेटांचा वेळ, समजा ४८०. आणि दुसऱ्या रजिस्टरपाशी उत्तर ठोक्याच्या थोडे आधी येऊन स्थिर राहावे लागते तो सेटअप टाइम, समजा ४०. एकूण ५८०. हातात ४५ पिकोसेकंद उरले. या शिल्लक वेळेला डिझाइनर स्लॅक म्हणतात. हे आकडेही माझे आहेत, पण चिपचे डिझाइन करणारी माणसे महिनोन्‌महिने अशाच बेरजा संगणकाकडून लाखो वाटांवर करून घेत असतात. ज्या वाटेवर स्लॅक सर्वांत कमी तिला क्रिटिकल पाथ म्हणतात आणि संपूर्ण चिपचा वेग तिच्यावर ठरतो.

आता व्होल्टेज १.१६४ वर आणा आणि क्लॉक १.६ गिगाहर्ट्‌झच ठेवा. ५८० ची वाट १.५२ पट लांबली, म्हणजे सुमारे ८८२ पिकोसेकंद झाली. मुदत ६२५ ची. उत्तर २५७ पिकोसेकंद उशिरा पोचेल. पण ठोका थांबणार नाही. दुसरे रजिस्टर अर्धवट झालेले उत्तर आत घेईल आणि पुढचा सगळा कारभार त्यावर चालेल. क्लॉक १ गिगाहर्ट्‌झवर आणले की मुदत १००० पिकोसेकंदांची होते, ८८२ तिच्यात बसतात आणि वर ११८ उरतात. खालच्या पायरीवर ५८० चे सुमारे १३१० होतात आणि ६०० मेगाहर्ट्‌झची मुदत १६६७ ची आहे. इंटेलच्या तक्त्यातल्या जोड्या अशा आपोआप सुटतात. व्होल्टेज उतरवले की क्लॉक उतरवावे लागते ते एवढ्यासाठीच. वीज कमी पडते म्हणून नाही; उशिरा येणाऱ्या उत्तराला वेळ मिळावा म्हणून.

मुदत चुकली की नेमके काय होते, हे विलक्षण आहे. प्रोसेसर लगेच बंद पडेल अशी कल्पना आपण करतो, पण सगळ्याच वाटा ५८० च्या नसतात. ३०० पिकोसेकंदांची एखादी आखूड वाट १.५२ पट होऊनही ४५६ वर थांबते आणि ६२५ मध्ये आरामात बसते. लांब वाटही दरवेळी पूर्ण वापरली जात नाही. बेरीज करणाऱ्या सर्किटचे उदाहरण घ्या. ५ अधिक २ मध्ये हातचा येतच नाही, उत्तर झटकन तयार होते. ९९९९ अधिक १ मध्ये हातचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. बायनरीतही हेच होते. हातचा लवकर पोचवण्याच्या अनेक युक्त्या सर्किटात असतात, तरी काही आकड्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतोच. म्हणून व्होल्टेज कमी पडलेला प्रोसेसर बहुतेक बेरजा बरोबर करतो आणि काही विशिष्ट आकड्यांवर चुकतो. आणि उत्तर नेमके सेटअपच्या त्या ४० पिकोसेकंदांत बदलत असेल तर रजिस्टर काही काळ शून्य आणि एक यांच्यामध्येच लोंबकळत राहू शकते.

अशी चूक कधी निळा पडदा दाखवते, कधी संगणक थिजवते, आणि कधी काहीच दाखवत नाही. तिसरी सर्वांत वाईट, कारण फाइल सेव्ह होते, उत्तर छापले जाते आणि चूक कुठे झाली याचा मागमूस राहत नाही. म्हणूनच व्होल्टेजशी खेळणारे हौशी लोक संगणक सुरू झाला म्हणजे झाले, असे कधी मानत नाहीत. उत्तर आधीच माहीत असलेली किंवा स्वतःचे उत्तर तपासून पाहणारी मोठी गणिते ते तासन्‌तास चालवतात. प्राइम९५ हा मोठ्या मूळ संख्या शोधणारा प्रोग्राम त्यासाठी लोकप्रिय झाला, कारण तो राउंडिंगमधली चूक स्वतःच पकडतो.

हा उशीर मुद्दाम घडवता येतो, हे डिसेंबर २०१९ मध्ये जगासमोर आले. बर्मिंगहॅम विद्यापीठ, ग्राझचे तंत्र विद्यापीठ आणि बेल्जियममधले ल्युव्हेन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या कोअर प्रोसेसरांमध्ये व्होल्टेज थोडे खालीवर करण्यासाठी `0x150` या क्रमांकाचे एक अंतर्गत रजिस्टर होते आणि संगणकाचा पूर्ण ताबा असलेला प्रोग्राम त्यात लिहू शकत होता. संशोधकांनी क्लॉक तेच ठेवले आणि व्होल्टेज थोडे थोडे उतरवत एकच गुणाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला. संगणक बंद पडण्याच्या जरा आधी एक अरुंद पट्टा सापडला, जिथे सगळे सुरळीत चाललेले दिसते, पण गुणाकाराच्या उत्तरात मधलेच काही बिट उलटे येतात. गुणाकाराची वाट लांब असते, हे लक्षात घेतले की त्यात नवल वाटत नाही.

इंटेलने एसजीएक्स नावाची एक बंद तिजोरी प्रोसेसरमध्ये ठेवली होती. ऑपरेटिंग सिस्टिमलाही तिच्या आत डोकावता येत नव्हते. पण तिजोरीला व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर बाहेरचाच होता. आत चाललेल्या गुप्तलेखनाच्या गणितात नेमकी एक चूक घडवली की बाहेर आलेल्या चुकीच्या उत्तरावरून आतली गुप्त किल्ली काढता येते. याचे गणित १९९० च्या दशकापासून माहीत होते. इंटेलने यावर मायक्रोकोड आणि बायॉसमार्फत ते व्होल्टेजचे दार बंद करायची सोय दिली. त्याआधी २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लॉकस्क्रू या नावाने फोनवर हेच दाखवले होते. माझ्या मते या दोन्ही प्रकरणांतून एक गोष्ट डोळ्यांत भरते: व्होल्टेज आणि क्लॉक यांची जोडी भौतिकशास्त्राने बांधलेली आहे, पण त्यांची बटणे वेगवेगळी आहेत, आणि जोडी सांभाळायचे काम बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरच्या भल्या वागणुकीवर सोडलेले होते.

भले वागणारे सॉफ्टवेअर काय करते, तेही पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसर किती व्यग्र आहे याचा अंदाज घेत पायरी ठरवते. लिनक्स असलेल्या बऱ्याच संगणकांवर हे सहज पाहता येते:

```
cat /sys/devices/system/cpu/cpu0/cpufreq/scaling_cur_freq
```

उत्तर किलोहर्ट्‌झमध्ये येते आणि काही सेकंदांनी पुन्हा विचारले की बहुधा बदललेले असते. पायरी बदलताना क्रम महत्त्वाचा असतो. वर चढताना आधी व्होल्टेज वाढवायचे, ते स्थिर होऊ द्यायचे आणि मगच क्लॉक वाढवायचे. उतरताना उलट: आधी क्लॉक, मग व्होल्टेज. व्होल्टेज गरजेपेक्षा क्षणभर जास्त राहिले तर थोडी वीज वाया जाते, एवढेच. क्षणभर कमी राहिले तर मुदत चुकते. पेंटियम एममध्ये व्होल्टेज १६ मिलिव्होल्टच्या लहान लहान पायऱ्यांनी हलवले जायचे आणि ते हलत असताना प्रोसेसर आपले काम करतच राहायचा. क्लॉकचे सर्किट नव्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावण्यापुरते, सुमारे १० मायक्रोसेकंद, त्याला थांबावे लागे. आपल्याला ते जाणवणे शक्य नाही. प्रोसेसरसाठी मात्र ते हजारो ठोके आहेत, म्हणून कामाच्या प्रत्येक बारीक चढउताराला पायरी बदलत बसणे फायद्याचे नसते.

पेंटियम एमच्या काळात अनेक हौशी लोकांनी छापील तक्त्यापेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजवर तोच प्रोसेसर तेवढ्याच क्लॉकला चालवून दाखवला. मग इंटेलने आकडे फुगवून छापले होते का? नाही. एकाच तबकडीवरच्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत. एकीचा उंबरठा थोडा वर असतो, दुसरीचा खाली. प्रोसेसर अचानक कामाला लागला की प्रवाह एकदम वाढतो आणि तारांमधल्या रोधामुळे चिपच्या आतले व्होल्टेज क्षणभर खचते. वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टरही थकतात, त्यांचा उंबरठा हळूहळू वर सरकतो. त्यात तापमान. तक्त्यातला आकडा सर्वांत मंद चिपला, वाईटातल्या वाईट क्षणी, अनेक वर्षांनंतरही पुरायला हवा. ज्याच्या हाती चांगली चिप आली, त्याला ही राखीव जागा फुकट मिळाल्यासारखी वाटते. ती फुकट नसते. फक्त तिची गरज त्या दिवशी पडलेली नसते.

ही राखीव जागा कमी करता येईल का, यावर मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये रेझर नावाची कल्पना मांडली. नाजूक वाटेवरच्या रजिस्टरला एक सावलीसारखे जोडरजिस्टर द्यायचे, जे तेच उत्तर थोडे उशिरा उचलेल. दोघांची उत्तरे जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर मुख्य रजिस्टरची मुदत चुकली, म्हणून सावलीतले उत्तर खरे मानायचे आणि काम थोडे मागे घेऊन पुन्हा चालवायचे. मग व्होल्टेज तक्ता पाहून ठरवायची गरज नाही. अधूनमधून चुका दिसू लागेपर्यंत उतरवत न्यायचे आणि तिथे थांबायचे. मला ही कल्पना फार आवडते, कारण यात चिप आपल्या मर्यादेबद्दल स्वतः बोलते.

आणि अगदी खाली गेले तर? याचे उत्तर इंटेलच्या एका प्रायोगिक चिपने दिले. क्लेअरमाँट या नावाने ती २०११ मध्ये दाखवली गेली आणि २०१२ मध्ये तिची सविस्तर माहिती प्रसिद्ध झाली. जुन्या पेंटियमचाच गाभा ३२ नॅनोमीटरच्या तंत्राने नव्याने घडवला होता, तोही उंबरठ्याच्या आसपास चालेल असा. या कामात इंटेलच्या बंगळूरच्या चमूचा मोठा वाटा होता आणि लेखकांत मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले शेखर बोरकर होते.

ही चिप १.२ व्होल्टला ९१५ मेगाहर्ट्‌झवर चालायची आणि ७३७ मिलिवॅट घ्यायची. ०.४५ व्होल्टला ६० मेगाहर्ट्‌झ आणि १० मिलिवॅट. ०.२८ व्होल्टला ३ मेगाहर्ट्‌झ आणि २ मिलिवॅट. वॅटचे आकडे सतत उतरत गेलेले दिसतात, पण पुन्हा ऊर्जेचा हिशेब करा: वॅटला ठोक्यांनी भागा. वरच्या टोकाला एका ठोक्याला सुमारे ०.८ नॅनोज्यूल लागतात. ०.४५ व्होल्टला ०.१७, म्हणजे पाचपटीच्या जवळ बचत. पण ०.२८ व्होल्टला एका ठोक्याला पुन्हा ०.६७ नॅनोज्यूल लागतात. व्होल्टेज आणखी उतरवले आणि दर ठोक्याचा खर्च चौपट झाला.

इथे गळती समोर येते. उंबरठ्याजवळ गेट इतके मंद होतात की ठोके लांब लांब पडू लागतात, आणि त्या प्रत्येक लांब ठोक्यात चिपमधले सगळे ट्रान्झिस्टर, काम करणारे आणि न करणारेही, पाझरत राहतात. ०.४५ व्होल्टला एक ठोका १७ नॅनोसेकंदांचा होता, ०.२८ ला ३३३ नॅनोसेकंदांचा. भरण्या-उपसण्यात वाचलेले या वीसपट वेळेत गळून गेले. शिवाय चिपवरच्या मेमरीचे छोटे कप्पे इतक्या कमी व्होल्टेजवर आपले बिट धरूच शकत नाहीत, म्हणून मेमरीचा पुरवठा वेगळा ठेवून तो ०.५५ व्होल्टच्या खाली नेला नव्हता.

आजच्या फोनमधल्या प्रोसेसरला हेच दोन्ही काठ सांभाळावे लागतात. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसे पुरवठ्याचे व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास आणि त्याखाली आले, पण गळतीच्या भीतीने उंबरठा त्याच प्रमाणात खाली आणता आला नाही. पेंटियम एमला १.४८४ पासून ०.९५६ पर्यंत उतरायला जेवढी ऐसपैस जागा होती, तेवढी आता उरलेली नाही. म्हणून सर्वांत खालच्या व्होल्टेजला पोचल्यावर क्लॉक आणखी मंद करत बसण्यापेक्षा हातातले काम त्याच पायरीवर उरकून त्या कोअरचा वीजपुरवठाच तोडणे पुष्कळदा स्वस्त पडते. पुरवठा तुटला की गळतीही थांबते.